पीटीचा तास परत द्या!

‘तू पेपरात लिहितेस ना? मग शाळेला एक पत्र लिहून दे!’ ताईचा फोन. सातवीतल्या भाचीचा पीटीचा तास परीक्षेच्या उजळणीत जातोय. माझा पहिला ड्राफ्ट म्हणजे चक्क अग्रलेख झाला. फाडला. मग भाचीला वहीत नुसत्या तारखा लिहायला लावल्या. ४ आठवड्यांत पीटीचे ८ तास, त्यातले ५ गणिताने खाल्ले. मुख्याध्यापिकांच्या पत्रात तारखांसकट तेवढंच लिहिलं. जोडीला जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस: ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं श्वास वाढेल अशी हालचाल हवी. गणिताच्या बाईंचं नाव मुद्दाम टाळलं. पोर्शन संपवायचं टेन्शन त्यांनाही असतंच की. म्हणून मागणी एकच ठेवली. पीटीचा तास घेतलाच, तर त्याच आठवड्यात गणिताचा एक तास पीटीला परत द्या आणि तशी लेखी नोंद ठेवा. सही अर्थात ताईची, मावशीला कोण विचारतं! भाचीने पत्र वाचलं. ‘मावशी, पाऊस असला की पीटी रद्द करून उजळणीच घेतात. तेव्हा हॉलमध्ये खेळू द्या, हे राहिलं.’ तेही घातलं.