अभंगातील ध्रुपद : छापील खूण आणि सामूहिक गायन

तुकारामांच्या मुद्रित गाथेत बहुतेक अभंगांच्या दुसऱ्या कडव्यापुढे ‘ध्रु.’ अशी खूण असते. वर्गात अभंग वाचताना ती सहसा वगळली जाते. वस्तुतः छापील संहितेत गायनाचा हाच एक स्पष्ट अवशेष उरलेला असतो, आणि तो वगळून केलेला अर्थविचार अपुरा ठरतो.

पाच कडव्यांच्या एका मोठ्या अभंगाचा विचार करू. प्रत्येक कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अशी २२ अक्षरे धरली, तर एकूण ११० अक्षरे होतात. त्यांत ध्रुपदाचा वाटा एक-पंचमांश आहे. वारकरी भजनात मात्र टाळकरी समोरासमोरच्या दोन रांगांत उभे राहतात आणि इतर कडव्यांनंतर ध्रुपद पुन्हा येते. चार कडवी व प्रत्येकानंतर ध्रुपद, असे आठ घटक धरले, तर ऐकणाऱ्याच्या वाट्याला ध्रुपद निम्मे येते. रांगांनी एकमेकींचे शब्द उचलून केलेली आवर्तने यात धरलेलीच नाहीत. म्हणजे वाचक ज्या रचनेकडे पाच पायऱ्यांचा युक्तिवाद म्हणून पाहतो, तीच गाणाऱ्यांना एका विधानाभोवती फिरणारी रचना म्हणून भेटते. मैफलीत वा ध्वनिमुद्रिकेत अनेकदा आरंभीची ओळच पालुपद होते. मग अर्थाचे केंद्रही सरकते.

या पुराव्याला मर्यादाही आहेत. ‘ध्रु.’ ही खूण कवीचीच असेल असे गृहीत धरता येत नाही. ती लेखनिकाची किंवा संपादकाचीही असू शकते. हस्तलिखितांत आणि निरनिराळ्या आवृत्त्यांत तिची जागा बदलत असेल, तर तो पाठभेदाइतकाच महत्त्वाचा फरक मानून नोंदवावयास हवा. नामदेव-परंपरेवरील आपल्या ग्रंथात (२००८) ख्रिश्चन नोवेट्झके यांनी कीर्तनकारांच्या बाडांकडे सादरीकरणाचे साधन म्हणून पाहिले आहे. ध्रुपदाचा शोध पोथीइतकाच या बाडांतही घ्यावा लागेल.

दुसरी मर्यादा अनुभवाच्या अन्वयार्थाची आहे. भजनाची लय चढली म्हणजे भाव दाटला, असे विधान अभ्यासक सहज करतात. जिल्बेर रूजे यांनी संगीत आणि भावावस्था यांवरील ग्रंथात (१९८०) संगीत स्वतःच अशी अवस्था निर्माण करते हे मत नाकारले. त्यांच्या मते तिचा अर्थ त्या समूहाच्या श्रद्धाव्यवस्थेतून ठरतो. म्हणून लय मोजून अनुभव सिद्ध होत नाही. मात्र कोणते शब्द कोणी, किती वेळा व कोणत्या क्रमाने उच्चारले, हे निश्चितपणे नोंदवता येते.

अभंगावरील प्रबंधांत निदान एवढी नोंद आवश्यक मानली जावी. तिच्याशिवाय केलेले रसग्रहण हे छापील पानाचे रसग्रहण होय, अभंगाचे नव्हे.