पुढची तारीख कुठून मोजायची?

बिलांचा आणि नूतनीकरणांचा तक्ता म्हणून लोक मला जे दाखवतात, त्यात साधारण चार रकाने असतात: कामाचं नाव, तारीख, रक्कम आणि एक चौकट, जिच्यावर टिचकी मारली की बरोबरची खूण उमटते. पहिला महिना झकास जातो. पुढच्या एक तारखेला प्रश्न पडतो, की या खुणांचं करायचं काय? पुसल्या तर मागच्या महिन्याचा पुरावा गेला, ठेवल्या तर या महिन्याचं काम झालेलंच दिसतं. मग कोणी पानाची नक्कल काढून 'जून', 'जुलै' अशी पानं वाढवत जातं, आणि दिवाळीपर्यंत वर्षातून एकदाच येणारा विमा कोणत्या पानावर राहिला हे कोणालाच सांगता येत नाही.

माझं म्हणणं असं, की खुणेची चौकट ठेवूच नये. काम झालं की त्याची एक ओळ लिहावी आणि पुढची तारीख तक्त्याने त्या ओळीवरून स्वतः काढावी. त्यासाठी प्रत्येक कामाबद्दल आधी एकच गोष्ट ठरवावी लागते: त्याची पुढची तारीख कुठून मोजायची?

उदाहरण एका सोसायटीचं घेतो. पुण्यातली चोवीस सदनिकांची इमारत, सचिव काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या डोक्यात सगळं पक्कं होतं, पण समिती बदलली की ते डोकंही बदलणार, हे त्यांनाच आधी सुचलं. त्यांची कामं आम्ही कागदावर मांडली तेव्हा तीनच जाती निघाल्या. पहिली सरकारी कॅलेंडरची. सुरक्षा एजन्सीच्या बिलातून कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, तुम्ही मागचा कधीही भरलेला असो. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. दुसरी जात 'केल्यापासून' मोजायची. पाण्याची टाकी १२ जानेवारीला धुतली, सहा महिन्यांनी १२ जुलैला धुवायची होती, पण माणसं आली ३ ऑगस्टला. तर पुढची तारीख ३ फेब्रुवारी, १२ जानेवारी नव्हे. तिसऱ्या जातीची तारीख कागदावरच छापलेली असते: इमारतीचा विमा, लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार. हप्ता तुम्ही आठवडाभर आधी भरला तरी पॉलिसी संपायची ती छापील तारखेलाच.

या तिन्ही जाती एकाच सूत्रात कोंबल्या की तक्ता खोटं बोलू लागतो.

फाइलमध्ये दोन पानं करा. एकाचं नाव 'नियम', दुसऱ्याचं 'नोंदी'. 'नियम'मध्ये एका कामाला एकच ओळ: A मध्ये कामाचं नाव, B मध्ये त्याची जात, C मध्ये आधार तारीख, D मध्ये दर किती महिन्यांनी, E मध्ये किती दिवस आधी कामाला लागायचं, F मध्ये देय तारीख आणि G मध्ये सुरुवात. शेवटचे दोन रकाने हाताने कधीच भरायचे नाहीत. 'नोंदी'मध्ये काम झालं की खाली एक ओळ वाढते: A मध्ये काम, B मध्ये केल्याची तारीख, C मध्ये 'पूर्ण' किंवा 'अर्धवट', D मध्ये नवी मुदत असेल तर ती, मग रक्कम आणि चलनाचा किंवा पावतीचा क्रमांक. इथली ओळ पुसायची नाही, बदलायची नाही.

आता टीडीएसची ओळ. आधार तारीख ७ मे २०२६, दर १ महिन्याने. F2 मध्ये हे सूत्र:

```
=EDATE(C2,D2*COUNTIFS('नोंदी'!A:A,A2,'नोंदी'!C:C,"पूर्ण"))
```

म्हणजे या कामाच्या किती पूर्ण नोंदी झाल्या ते मोजा आणि आधार तारखेत तितके महिने मिळवा. एकही नोंद नसेल तर ७ मे दिसेल. मे महिन्यातलं चलन भरून एक ओळ लिहिली की तिथे आपोआप ७ जून येईल. (४६१८० असा आकडा दिसला तर घाबरू नका. तीच तारीख आहे, त्या रकान्याला फक्त तारखेचं स्वरूप द्यायचं राहिलंय.) यातली गंमत अशी, की दोन महिने भरणा राहिला तर तक्ता सगळ्यांत जुन्या थकबाकीवर अडून बसतो. नोंद केल्याशिवाय पुढे सरकतच नाही. टीडीएस उशिरा भरला तर दरमहा दीड टक्का व्याज लागतं आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, तेव्हा हा अडेलपणा बराच.

अनेक जण याऐवजी मागच्या तारखेत एक महिना मिळवतात, मग आलेल्या उत्तरात पुन्हा एक. ७ तारखेला ते चालून जातं. महिनाअखेरच्या कामात मात्र पाय घसरतो: ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी, आणि त्यात पुन्हा एक मिळवला की २८ मार्च. एकदा तीन दिवस गळाले की ते परत येत नाहीत. वरच्या सूत्रात दर वेळी मूळ ३१ जानेवारीपासूनच मोजणी होते, म्हणून मार्चमध्ये ३१ तारीख परत मिळते. त्यासाठी महिनाअखेरच्या कामाची आधार तारीख एकतीस दिवसांच्या महिन्यातलीच निवडा. ३० एप्रिलपासून सुरुवात केलीत तर तक्ता जन्मभर ३० तारीखच दाखवेल.

सरकारी कॅलेंडरही सरळ रेषेत चालत नाही. टीडीएसची तिमाही विवरणपत्रं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांना असतात. पहिल्या तिन्हींत तीन-तीन महिन्यांचं अंतर, मग एकदम चार, मग दोन. 'दर ३ महिन्यांनी' असं लिहिलं की चौथी तारीख ३० एप्रिल येते आणि पुढच्या वर्षीची गाडी रुळावरून उतरते. काकूंनी इथे चार वेगळ्या ओळी केल्या, 'विवरणपत्र पहिली तिमाही' वगैरे, आणि प्रत्येकीला बारा महिने दिले. अंतर वाकडं असेल तिथे हाच उपाय. मार्चमध्ये कापलेल्या टीडीएसला ३० एप्रिलपर्यंत मुभा असते, पण तिच्यासाठी आम्ही वेगळी ओळ केली नाही. तक्ता ७ एप्रिल दाखवतो, भरून मोकळं व्हायचं. लवकरच्या बाजूला चुकणारं सूत्र मला चालतं.

'केल्यापासून' या जातीला आधार तारीख लागत नाही, शेवटची नोंद लागते. टाकीची ओळ पाचवी असेल तर:

```
=EDATE(MAXIFS('नोंदी'!B:B,'नोंदी'!A:A,A5,'नोंदी'!C:C,"पूर्ण"),D5)
```

एकही नोंद नसेल तर इथे १९०० सालातली तारीख उगवते. म्हणून टाकी शेवटची कधी धुतली होती ती एक जुनी ओळ सुरुवातीलाच लिहून ठेवावी. विम्याच्या ओळीत तर मोजणीच नाही. नवी पॉलिसी हातात आली की तिच्यावरची शेवटची तारीख 'नोंदी'च्या D रकान्यात लिहायची, आणि सूत्र त्यातली सगळ्यांत पुढची उचलतं:

```
=MAXIFS('नोंदी'!D:D,'नोंदी'!A:A,A8)
```

जिन्यातल्या दिव्यांचं वीजबिल कोणत्या जातीत घालायचं, यावर आमचा थोडा वाद झाला. त्याची देय तारीख दर महिन्याला थोडी मागेपुढे होते. शेवटी कामाचं नावच बदललं: 'वीजबिल आलं का ते पाहणे आणि भरणे', दर महिन्याच्या १२ तारखेला. न आलेलं बिल कोणाच्या लक्षात येत नाही, कारण टेबलावर कागदच नसतो. बिलाची वाट न पाहता ही ओळ त्या दिवशी समोर येते.

तक्ता बिघडतो तो बहुधा दोन जागी. पहिली जागा तारीख लिहिण्याची. गुगल शीट्समध्ये File, मग Settings, तिथे Locale हे India आहे ना ते आधी पाहा. तिथे United States असेल तर 07/06/2026 म्हणजे ६ जुलै होतो, आणि महिनाभर थकलेला भरणा तुम्हाला निवांत दिसतो. 15/06/2026 मात्र तारीख म्हणून वाचताच येत नाही, म्हणून ती साधा मजकूर होऊन रकान्याच्या डाव्या कडेला चिकटते. डावीकडे सरकलेली एखादी तारीख दिसली तर तेवढीच दुरुस्त करून थांबू नका. बारा तारखेच्या आतल्या सगळ्या पुन्हा तपासा, कारण त्या मुकाट्याने उलटलेल्या असतात. दाखवण्याचं स्वरूप 07-Jun-2026 असं महिन्याच्या नावासकट ठेवलं की ही गफलत नजरेला पडते.

दुसरी जागा शुद्धलेखनाची. 'नियम'मध्ये 'वीजबिल' आणि 'नोंदी'मध्ये 'विजबील' असेल तर ती संगणकाच्या लेखी दोन वेगळी कामं, आणि पैसे भरूनही ओळ थकलेलीच दिसते. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही तोच घोळ घालते. त्यामुळे 'नोंदी'तलं कामाचं नाव कधी टंकायचं नाही. Data मधल्या Data validation ने तिथे 'नियम'मधल्या नावांची यादी उघडेल असं करा. 'पूर्ण' आणि 'अर्धवट'चंही तसंच. मालमत्ता कराचा अर्धाच भाग भरला आणि 'पूर्ण' निवडलं तर तक्ता पुढच्या हप्त्यावर उडी मारतो, तेव्हा एवढं एक निवडताना डोकं ठिकाणावर हवं.

देय तारीख ही काम करण्याची तारीख नव्हे. सोसायटीत ऑनलाइन भरणा एकाने टाकायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा असतो, आणि दुसरा नेमका गावाला गेलेला असतो. म्हणून G रकाना:

```
=WORKDAY.INTL(F2,-E2,11,'सुट्ट्या'!A2:A60)
```

यातला 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टीचा. बाकीच्या सुट्ट्या तिसऱ्या पानावर लिहायच्या. ७ जून २०२६ हा रविवार आहे. E मध्ये ३ असेल तर शनिवार, शुक्रवार, गुरुवार असं मागे मोजत सूत्र ४ जूनवर थांबतं. संपूर्ण पान या G रकान्याप्रमाणे लावलं की आज काय करायचं ते वरच्या दोन-तीन ओळींत असतं. रंगासाठी Format मधल्या Conditional formatting मध्ये दोन नियम पुरे, आणि लाल नियम वर ठेवायचा:

```
=AND($F2<>"",$F2<TODAY())
=AND($G2<>"",$G2<=TODAY())
```

पहिला लाल, दुसरा पिवळा. पानं उघडलीच नाहीत तर मात्र दोन्ही रंग कोणाच्या उपयोगाचे नाहीत, कारण तक्ता कोणाला हाक मारत नाही. काकूंनी फोनच्या कॅलेंडरमध्ये दर सोमवारी सकाळी नऊची एकच आठवण लावली आहे, आणि तिच्यात या फाइलचा दुवा चिकटवला आहे. खजिनदारांच्या फोनमध्येही तीच लावून घेतली.