पेनिसिलिनच्या वावड्याची नोंद कधी पुसावी?

पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 1955 पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जे औषध परदेशातून आणावे लागे, ते आता देशातच निर्माण होऊन सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आले. आज दुर्मिळतेमुळे पेनिसिलिन नाकारले जाते असे क्वचितच घडते. पण त्याच्या आड येणारे दुसरे एक कारण आहे, आणि ते रुग्णाच्या कागदावरील दोन शब्दांत सामावलेले असते : ‘पेनिसिलिनचे वावडे’. हे दोन शब्द कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कशावरून लिहिले, याची चौकशी सहसा होत नाही. ती झाली पाहिजे, आणि नोंद निराधार ठरल्यास ती रीतसर पुसली पाहिजे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एका उदाहरणाची कल्पना करू. पतीच्या नोकरीनिमित्त साताऱ्याहून चेन्नईस गेलेले आणि तेथील अण्णा नगर वस्तीत स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. घरातील बाईंचे वय 56. त्यांचा गुडघा झिजला असून कृत्रिम सांधा बसविण्याचे ठरले आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत त्या लहानपणापासून ऐकत आलेले वाक्य सांगतात : “मला पेनिसिलिन चालत नाही.” परिचारिका ते वाक्य लाल शाईने कागदावर उतरविते, आणि त्या क्षणापासून औषधाच्या निवडीची दिशा बदलते.

अशा शस्त्रक्रियेत जखम दूषित होऊ नये म्हणून चिरेपूर्वी साठ मिनिटांच्या आत सेफाझोलिन हे प्रतिजैविक शिरेतून देण्याचा प्रघात आहे. ते काही मिनिटांत देता येते आणि त्वचेवरील जंतूंवर उत्तम चालते. ते पेनिसिलिनच्या दूरच्या नात्यातले असले, तरी त्याच्या रेणूची उपशाखा वेगळी आहे. त्यामुळे पेनिसिलिनचे वावडे असलेल्या बहुतेकांनाही ते सोसते. तरीही कागदावरील लाल शाई पाहून पुष्कळ ठिकाणी ते टाळले जाते, आणि त्याऐवजी व्हँकोमायसिन किंवा क्लिंडामायसिन निवडले जाते. व्हँकोमायसिन तासभर किंवा त्याहून अधिक काळ सावकाश द्यावे लागते. वेळेचे गणित चुकले तर चिरेच्या क्षणी ते शरीरात पुरेसे पोचलेले नसते. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदींचा 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, वावड्याची नोंद असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेची जखम दूषित होण्याची शक्यता सुमारे दीडपट होती, आणि तिचे कारण ही दुय्यम औषधे हेच होते. कृत्रिम सांध्याच्या बाबतीत अशा दोषाचा अर्थ दुसरी शस्त्रक्रिया असाही होऊ शकतो.

तेव्हा मूळ नोंद खरी आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. खरे वावडे कसे उद्भवते, ते प्रथम पाहू. पेनिसिलिनच्या रेणूतील चार अणूंचे कडे शरीरात उघडते आणि औषधाचा तो तुकडा रक्तातील प्रथिनांना चिकटतो. काही व्यक्तींत शरीराची संरक्षक यंत्रणा या जोडगोळीला शत्रू समजून विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करते. पुन्हा औषध मिळताच बहुधा तासाभरात अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. ही प्रतिक्रिया प्राणघातक ठरू शकते, यात संशय नाही. परंतु औषधाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी ताप आलेल्या मुलाच्या अंगावर उमटणारे सपाट लाल पुरळ ही बहुधा वेगळी गोष्ट असते. विषाणुजन्य तापात असे पुरळ स्वतःच येते, आणि काही विषाणूंच्या संसर्गात अँपिसिलिन दिल्यास ते पुष्कळदा उठते. पोटात मळमळणे व जुलाब होणे हे तर औषधाचे साधे उपद्रव होत, त्यांना वावडे म्हणणे चूक आहे. आणखी एक गोष्ट आहे : खरे वावडेसुद्धा कायम टिकत नाही. औषध टाळत राहिल्यास दहा वर्षांत सुमारे 80 टक्के लोकांची ती संवेदनशीलता ओसरते. म्हणूनच अशी नोंद असलेल्यांची पद्धतशीर तपासणी केली असता दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक लोकांना पेनिसिलिन सुखाने चालते, असे अनेक देशांतील अनुभव सांगतो.

तपासणीची पहिली पायरी सुईची नाही, प्रश्नांची आहे. कोणते औषध होते? किती वर्षांपूर्वी? पहिल्या मात्रेनंतर किती वेळाने त्रास झाला? काय झाले, आणि त्यासाठी कोणते उपचार करावे लागले? त्यानंतर नकळत अमॉक्सिसिलिन घेण्यात आले होते काय? शेवटच्या प्रश्नाला “होय, आणि काहीच झाले नाही” असे उत्तर मिळाले, तर प्रश्न तेथेच सुटतो.

ऑस्ट्रेलियातील वैद्यांच्या पुढाकाराने 2020 साली या उत्तरांना गुण देण्याची एक साधी रीत प्रसिद्ध झाली. प्रतिक्रिया पाच वर्षांच्या आतील असेल तर दोन गुण. ती श्वास कोंडण्यासारखी तीव्र, चेहरा-ओठ सुजविणारी किंवा त्वचेची गंभीर हानी करणारी असेल तर दोन गुण. तिच्यासाठी उपचार लागले असतील, किंवा ते आठवत नसेल, तर एक गुण. बेरीज तीनपेक्षा कमी असल्यास धोका अल्प समजावा. शून्य गुणांस धोका एक टक्क्याहून कमी आणि एक-दोन गुणांस सुमारे पाच टक्के असतो. तीन गुणांस तो वीस टक्क्यांवर आणि चार-पाच गुणांस पन्नास टक्क्यांवर जातो.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. साताऱ्यात राहणाऱ्या वृद्ध आईला दूरध्वनीवरून विचारता असे कळते की, मुलगी नऊ वर्षांची असताना घसा सुजून ताप आला होता, अँपिसिलिनचे पातळ औषध दिले होते, पाचव्या दिवशी पाठीवर लाल ठिपके आले आणि चार दिवसांत मावळले. श्वासाला त्रास नव्हता, चेहऱ्यावर सूज नव्हती. खाजेची गोळी दिली होती की नाही, ते मात्र आठवत नाही. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांस शून्य, तिसऱ्यास एक. बेरीज एक.

अशा रुग्णासाठी पुढची पायरी म्हणजे वैद्यांच्या देखरेखीखाली तोंडाने दिलेली एकच मात्रा. खाजेच्या गोळ्या काही दिवस आधी बंद ठेवतात, कारण त्या प्रतिक्रिया झाकतात. अमॉक्सिसिलिनची 250 मिलिग्रॅमची एक मात्रा देऊन रुग्णाला किमान तासभर दवाखान्यात बसवून ठेवतात. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आणि प्राणवायू हाताशी असतो. काही न झाल्यास रुग्ण घरी जातो, आणि पुढील काही दिवसांत पुरळ आल्यास कळविण्यास त्याला सांगितले जाते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 382 प्रौढ अल्पधोका रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला सरळ तोंडाने मात्रा दिली, दुसऱ्याची आधी त्वचेवर तपासणी केली. प्रत्येक गटात केवळ एकेकाला प्रतिक्रिया आली. अल्पधोका रुग्णाला सुईची पायरी आवश्यक नाही, हे त्यावरून दिसते. आपल्या बाईंना काहीही झाले नाही, असे मानू. त्यांना सेफाझोलिन निःशंकपणे देता येईल.

येथे आपल्याकडील एका रूढीचा विचार करणे भाग आहे. इंजेक्शनपूर्वी हातावर थोडे औषध टोचून ‘टेस्ट डोस’ पाहण्याची पद्धत भारतात सर्वत्र आढळते. लोक तिलाच वावड्याची परीक्षा समजतात. पण खऱ्या त्वचापरीक्षेत औषधाच्या विघटनातून होणारे घटक वापरावे लागतात, त्यांचे प्रमाण ठरावीक असते, आणि शेजारी मिठाचे पाणी व हिस्टामिन टोचून तुलना करावी लागते. तुलनेविना टोचलेल्या तीव्र द्रावाने कातडी नुसती चुरचुरून लाल होते, आणि त्या लाल ठिपक्याच्या आधारे निरोगी माणसाच्या कागदावर जन्मभराचा शिक्का बसतो. उलट ठिपका न उठल्याने खोटी निश्चिंती येते. ही रूढी विचारपूर्वक केलेल्या चौकशीची जागा घेऊ शकत नाही.

या मताविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे. पेनिसिलिनमुळे क्वचित मृत्यू होतात, आणि लहान दवाखान्यातील वैद्याला तो एकच प्रसंग पुरेसा वाटतो. म्हणूनच मर्यादा स्पष्ट असाव्यात. ज्यांची कातडी किंवा तोंडातील त्वचा सोलवटली, ज्यांना औषधाने यकृत, मूत्रपिंड वा रक्तपेशींची हानी झाली, त्यांना ही मात्रा कधीही देऊ नये. गुण तीन किंवा अधिक असल्यास प्रकरण विशेषज्ञाकडे सोपवावे. दमा बळावलेला असताना थांबावे. आणि घरी स्वतः गोळी घेऊन पाहणे हा अविचार होय.

या मर्यादा पाळूनही लाभणारा पल्ला मोठा आहे. संधिवाती ज्वराने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे बारा लाख एककांचे इंजेक्शन वर्षानुवर्षे लागते. गर्भवतीच्या उपदंशात पोटातील बालकाचे रक्षण करणारे खात्रीचे दुसरे औषध नाही. तेथे खोटी नोंद थेट हृदयावर किंवा बालकावर आघात करते. शिवाय दुय्यम औषधे बहुधा अधिक व्यापक असतात आणि जंतूंना प्रतिकार शिकवितात. ब्रिटनमधील 2018 च्या अभ्यासात वावड्याची नोंद असलेल्यांत मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रादुर्भाव 69 टक्क्यांनी अधिक आढळला. याच प्रतिकाराच्या चिंतेने 2012 साली भारतातील वैद्यक संघटना चेन्नई येथे एकत्र आल्या आणि त्यांनी ‘चेन्नई घोषणापत्र’ काढले. प्रतिजैविकांचा संयम पाळायचा तर साधे औषध विनाकारण बाजूला ठेवणेही थांबले पाहिजे.

शेवटची पायरी लेखणीची आहे, आणि तिच्यातच बहुधा चूक होते. बाईंची परीक्षा झाली, पण जुन्या कागदावरील लाल शाई तशीच राहिली, तर पुढच्या रुग्णालयात तोच शिक्का पुन्हा उमटेल. म्हणून परीक्षेची तारीख, औषधाचे नाव, मात्रा आणि निष्कर्ष लिहिलेला कागद रुग्णाच्या हाती द्यावा. नेहमीच्या वैद्याला व औषधविक्रेत्याला कळवावे आणि कुटुंबालाही सांगावे. तसेच ज्याला खरी प्रतिक्रिया येईल, त्याच्या कागदावर केवळ ‘वावडे’ असे न लिहिता औषध, तारीख, लागलेला वेळ आणि लक्षणे लिहावीत. नऊ वर्षांच्या मुलीच्या पाठीवरील ठिपक्यांविषयी त्या वेळी एवढे चार शब्द लिहिले गेले असते, तर छप्पन्नाव्या वर्षी साताऱ्यास दूरध्वनी करण्याची वेळ आली नसती.