घराच्या आधीचा हप्ता

आमच्या उमेळ्यात संध्याकाळी नायगाव स्टेशनकडून माणसं घरी परतायला लागली, की कुठल्या ना कुठल्या ओट्यावर घराचा विषय निघतोच. "किती दिवस भाड्याच्या खोलीत राहायचं?" हा प्रश्न नव्या लग्न झालेल्या मुलींच्या तोंडी तर ठरलेला. आमच्या बचत गटातली अशीच एक मुलगी गेल्या श्रावणात वही घेऊन माझ्याकडे आली. नवरा वसई पूर्वेच्या एका कारखान्यात, ही अंधेरीला एका दुकानात हिशेब बघते. त्याचे सत्तावीस आणि हिचे अठरा, असे महिन्याला ४५ हजार हातात येतात. म्हणाली, "काकू, पाच वर्षांत घर घ्यायचंय. डाऊन पेमेंटला सहा लाख लागतील. महिन्याला दहा हजार टाकले की झालं ना?"

मी म्हटलं, "बस. आधी चहा घे, मग सहा लाख कुठून आले ते सांग."

त्यांनी एका जुन्या सोसायटीतलं छोटं घर बघून ठेवलं होतं, किंमत २४ लाख. आता पाच वर्षं ती किंमत आपल्यासाठी थांबून राहणार आहे का? म्हणून आम्ही ३० लाख धरले. बँक साधारण ऐंशी टक्के देईल, म्हणजे २४ लाख कर्ज आणि उरलेले सहा आपले, इथवर तिचं गणित बरोबर होतं. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नव्वद टक्क्यांपर्यंतही मिळू शकतात. पण जितकं कर्ज जास्त, तितका पुढचा हप्ता जड.

खरी गंमत पुढेच आहे. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. तो आपल्या खिशातून जातो. स्टॅम्प ड्युटीचे सात टक्के धरले तर दोन लाख दहा हजार. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. दलालाचे ३० हजार, सोसायटीच्या हस्तांतरणाचे २५ हजार, वकील आणि बँकेची फी मिळून २० हजार. जुनं घर म्हटलं की रंग, नळ, वायरिंग आणि सामान हलवणं आलंच, त्याचे ७५ हजार. बेरीज केली तेव्हा तिचा चहा तसाच गार झाला. सहा नव्हे, नऊ लाख नव्वद हजार! आम्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दहा लाख लिहिले. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच जोडप्यांचं गाडं इथेच अडतं. सहा लाख जमतात, इसार देऊन होतो आणि उरलेल्या चार लाखांसाठी मंगळसूत्र गहाण पडतं.

मग महिन्याचं पान मांडलं. भाडं ८,००० रुपये. वाणसामान आणि गॅस ६,५००. दूध, भाजी, मासळी ५,५००. लाईट, पाणी, मोबाईल २,५००. पास आणि रिक्षा २,५००. गावी सासूसासऱ्यांना ३,०००. औषधपाणी आणि विमा १,५००. दोघांना हातखर्चाला एकेक हजार, त्याचा हिशेब एकमेकांना द्यायचा नाही. इथवर झाले ३१,५००. उरलेल्या साडेतेरा हजारांतले अकरा हजार घरासाठी आणि अडीच हजार एका वेगळ्या डब्यात.

या डब्यावरून आमचा थोडा वादच झाला. ती म्हणाली, "हे अडीच हजारही घराकडेच वळवू ना." मी ऐकलं नाही. आपलं अंदाजपत्रक चहा-भजीने मोडत नाही, मैत्रिणींनो, ते वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी मोडतं. गणपतीला गावी जाणं आठ हजार, दिवाळी सहा हजार, अकरा महिन्यांनी भाडेकरार नवा करताना दलाली आणि करारखर्च आठ हजार, लग्नाकार्यातले आहेर पाच हजार, पावसाळ्याची डागडुजी आणि छत्र्या-चपला तीन हजार. हे झाले तीस हजार, म्हणजे महिन्याला बरोब्बर अडीच हजार. यातलं काहीच अचानक येत नाही, सगळं कॅलेंडरवर छापलेलं असतं. तरी आपण दरवर्षी भाद्रपदात घाबरतो आणि घरासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावतो. एकदा हात लागला की सवय लागते.

आता अकरा हजार ठेवायचे कुठे? पाच वर्षांनी ठरल्या दिवशी लागणारा पैसा शेअर बाजाराच्या चढउतारावर सोडू नये, असं माझं मत. भिशीवरही नको; भिशी मोडली तर दाद मागायला हातात कागद नसतो. आम्ही पोस्टाची पाच वर्षांची आर.डी. निवडली. २०२३ च्या ऑक्टोबरात तिचा दर ६.७ टक्के झाला, तोच मी हिशेबाला धरला. खातं उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षं कायम राहतो, म्हणून त्या दिवशीचा दर विचारूनच उघडायचं. या दराने महिना अकरा हजारांचे पाच वर्षांनी सात लाख ८५ हजार होतात. दिवाळीला दोघांच्या बोनसमधले २० हजार दरवर्षी मुदत ठेवीत गेले, तर त्यांचे व्याजासह एक लाख पंधरा हजारांच्या आसपास होतील. आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी दोघांचे मिळून चार हजार पगार वाढले, तर दोन हजार महागाईला आणि दोन हजारांची चार वर्षांची नवी आर.डी. बँकेत. तिचे एक लाख नऊ हजारांच्या घरात. झाले की दहा लाख! त्यानंतरच्या पगारवाढी वाढत्या भाड्याला आणि भावांना लागणारच, त्या आम्ही धरल्याच नाहीत.

पण अकरा हजारांचं एकच खातं काढायचं नाही. आम्ही दोन काढली, त्याच्या नावाने सहा हजारांचं आणि तिच्या नावाने पाचचं. पोस्टाची आर.डी. तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद करता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दरानेच मिळतं. अडचणीला एक खातं मोडलं तरी दुसऱ्याचं व्याज वाचतं. हप्ता चुकला तर शंभरामागे महिना एक रुपया दंड, आणि लागोपाठ चारपेक्षा जास्त हप्ते चुकले की खातं खंडित होतं. म्हणून पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आधी पोस्ट, मग वाणी. घरी येणाऱ्या एजंट ताईंकडे पैसे देत असाल तर पासबुकातली नोंद दर महिन्याला स्वतः बघा. त्यांचे आधीचे साठलेले ६० हजार होते, ते आजारपणासाठी आणि नोकरी गेली तर म्हणून वेगळे ठेवले. खोलीचं डिपॉझिट आम्ही मुद्दामच धरलं नाही, कारण ते चावी परत दिल्यावर मिळतं आणि नोंदणीचे पैसे त्याच्या आधी लागतात.

एवढं झाल्यावर ती जरा थांबली. मग खाली बघत हळूच म्हणाली, "काकू, सासूबाई बाळाचं विचारतायत. हे म्हणतात, घर होईपर्यंत थांबू. पाच वर्षं थांबायचं का?"

हा प्रश्न वहीतल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. मी तिला सांगितलं ते इथेही लिहिते. घरासाठी बाळ थांबवू नका. बाळ झालं, तुझा पगार काही महिने बंद झाला, तर तुझी पाच हजारांची आर.डी. थांबेल, त्याची चालू राहील. पाच वर्षांची सात होतील. घर दोन वर्षांनी आलं तरी घरच असतं. कधी, ते तुम्ही दोघांनी ठरवा, पोस्टाच्या पासबुकाने नव्हे.

आता आपल्या वसई-विरारपुरती एक धोक्याची सूचना. तीन वर्षांनी पासबुकावर साडेचार लाखांच्या आसपास दिसायला लागतात आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी भेटतं. "ताई, बारा लाखांत रूम आहे, थोडे आत्ता द्या, बाकी हप्त्याने, बँकेची भानगडच नको." बँकेची भानगड नको, कारण बँक त्या इमारतीवर कर्ज देणारच नसते. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागातल्या ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. आरक्षित जमिनीवर उभ्या होत्या त्या. तिथल्या कुटुंबांनीही पै पै जोडूनच पैसे दिले होते. म्हणून इसार देण्याआधी बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा, आणि त्यांच्या प्रती महापालिकेत जाऊन खऱ्या आहेत का ते विचारा. नुसत्या झेरॉक्सवर भरवसा नको. त्या इमारतीत आधी कुणाला मोठ्या बँकेचं कर्ज मिळालंय का, तेही विचारा. आणि विकणारा म्हणाला, "थोडे रोखीत द्या, करारात कमी लिहू," तर लक्षात ठेवा, करारात किंमत कमी तर कर्जही कमी. तेवढी भर आपल्या दहा लाखांतूनच पडते.

आणखी एक. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे. तीस लाखांच्या घराला ३० हजार वाचतात. नवरा-बायकोच्या जोडनावाला ही सवलत नाही. तिच्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला, "तीस हजारांसाठी का होईना, चालेल!" मला वाटतं, चालायलाच हवं. पै पै साठवते ती, मग दारावर तिचं नाव का नको?

शेवटी मी तिला वहीतले तीन आकडे एकाखाली एक लिहायला सांगितले. भाडं आठ हजार, आर.डी. अकरा हजार, दुसऱ्या वर्षापासूनची दोन हजार. बेरीज एकवीस हजार. आता चोवीस लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता बघा, साडेआठ टक्क्यांनी २०,८०० च्या आसपास येतो. घर झालं की भाडं आणि आर.डी. दोन्ही थांबणार आणि त्यांच्या जागी हा हप्ता बसणार. सोसायटीचा मेंटेनन्स वर येईल, त्याला पगारवाढ आहे. म्हणजे ही पाच वर्षं ती फक्त डाऊन पेमेंट जमवत नाहीये, घराच्या आधीच घराचा हप्ता भरायला शिकतेय. सहा महिन्यांत हे अकरा हजार जड जायला लागले, तर ते घर आपल्या झेपेबाहेरचं आहे, हे बँकेच्या आधी आपल्यालाच कळेल. मग लहान घर बघावं किंवा मुदत वाढवावी.

परवा ती पासबुक दाखवायला आली होती. चार शिक्के पडलेत. एका महिन्याला अकरा तारीख झाली होती, तेवढ्यावरून तिला चांगलाच दम दिला!