ओटी कुणाची भरायची?

ह्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या भाचीचे डोहाळजेवण झाले. पत्रिकेवर मात्र 'बेबी शॉवर' असे छापलेले होते. छापणाऱ्याने नकळत खरेच छापले होते, हे तिथे गेल्यावर समजले. समारंभ सर्वस्वी बेबीचा होता. बेबीची आई तिथे होती खरी, पण लग्नाच्या मांडवात भटजीबुवा असतात तशी. तिच्यावाचून विधी व्हायचा नाही एवढ्यापुरती.

मला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून भेटींचे टेबल मोजून काढले. न्हाऊ घालायचे टब तीन, झबल्यांचे संच नऊ, दुधाच्या बाटल्यांचे डबे दोन, खुळखुळे वाजवणारी अस्वले किती ते मोजायचे सोडून दिले, आणि एक चाकांचा पांगुळगाडा, ज्याला हल्ली वॉकर म्हणतात. पोरे त्यातून जिन्यावरून गडगडतात म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. बाटल्यांचे म्हणाल, तर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने त्यांची जाहिरातसुद्धा करता येत नाही. पण सोनेरी कागदात गुंडाळून आत्याबाईंनी दिली की कायदा काय करणार?

ह्या ढिगात भाचीसाठी म्हणून एक नारळ, एक खण आणि पाच फळे होती. ती ओटीही फोटोवाला जेवायला बसला त्या सवडीत उरकली. बाकी तीन तास ती पोर एका पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीत बसून होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले तर खळगा पडत होता.

माझे म्हणणे एवढेच, की हा दिवस बाळाचा नाही. बाळाचा दिवस बारशाचा. त्या दिवसासाठी आपल्या बायकांनी बाळंतविडा ठेवलेला आहे: झबले, टोपडे, कुंची, दुपटे, सगळे यथास्थित. डोहाळे हे आईचे. 'दौहृद' ह्या शब्दापासून ते नाव आले. सुश्रुताने गर्भारशीला दोन हृदयांची म्हटले आणि तिला हवे ते द्या असे सांगितले. रघुवंशातला दिलीप राजा राणीला काय हवे ते तिच्या सख्यांना पुन्हापुन्हा विचारतो, कारण ती लाजेने स्वतः सांगत नाही. आम्ही त्या राजापेक्षा हुशार. आम्ही विचारतच नाही, थेट दुकानात जातो.

आणि बाळाच्या वस्तू जन्मापूर्वी घरात आणायच्या नाहीत, असा जो जुना रिवाज होता, त्याला सुशिक्षित मंडळी हसतात. मीही हसत असे. मग माझ्या धाकट्या जावेचे मूल आठव्या महिन्यात पोटातच गेले. ती रिकाम्या हातांनी घरी आली, आणि खोलीत पाळणा, कपाटात घडी घातलेली बावीस झबली. कपाटाची किल्ली सासूबाईंनी आपल्या कनवटीला लावली. पण कपाट होतेच ना तिथे. सहा महिने ती त्या कपाटाकडे पाठ करून बसत असे. रिवाज करणाऱ्या बाईने हे कुठेतरी पाहिलेले असणार. ती शकुनाची भाषा बोलली, कारण तिला दुसरी भाषा दिलेली नव्हती.

असो. त्या रात्री पाहुणे पांगल्यावर भाचीच्या आजेसासूबाईंनी तो प्रश्न विचारला, जो त्या शंभर माणसांपैकी एकानेही विचारला नव्हता. "तुला काय हवं ग?" पोर म्हणाली, "झोप." आणि रडू लागली. अकरा रात्री ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. उताणे झोपले की जीव घाबरा होई, कुशीवर झोपले की वरचा गुडघा खाली घसरून कंबर ओढली जाई, आणि पोट गादीकडे लोंबे. दिवसा बँकेच्या खिडकीशी नोटा मोजायच्या, रात्री तास मोजायचे.

उताणे झोपून जीव घाबरा होतो ह्यात नखरा नाही. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर पाठीच्या कण्याला लागून जाते. भरल्या गर्भाशयाचा भार तिच्यावर पडला की रक्त कमी परतते, घेरी येते, आणि बाळालाही कमीच पोहोचते. म्हणून २८ आठवड्यांनंतर निजताना कुशीवरच निजावे, असे डॉक्टर सांगतात. डावी कूस घ्या, उजवी घ्या. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताण्या झालो असे दिसले, तर घाबरून न जाता वळावे, बस्स. पण सांगणे सोपे. कुशीवर आठ तास राहायचे कशाच्या आधारावर, हे कुणी सांगत नाही.

तेव्हा आजेसासूबाईंनी आणि मी एक उशी करायला घेतली. माझ्या मते डोहाळजेवणाला नेण्यासारखी हीच भेट आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. आजींची दोन जुनी सुती लुगडी काढली. धुऊन धुऊन मऊ झालेली, कारण नवा कापड मे महिन्यात घामाने चिकटतो. पाच फूट लांब आणि सोळा इंच रुंद अशी दुहेरी पिशवी शिवली, एक तोंड उघडे ठेवले. आत सावरीचा कापूस. तो हलका असतो आणि फोमसारखा तापत नाही. भरायला पिशवी गादीवाल्याकडे दिली, आणि इथेच आमची फजिती झाली. गादीवाल्याचा अभिमान असा, की उशी म्हणजे ठणठणीत हवी. त्याने साडेतीन किलो कापूस ठासला. भाचीने ती रात्रभर पायांत घेतली आणि सकाळी अंगणात फेकली. म्हणाली, "हा ओंडका कुणी आणला?" तिचा वरचा गुडघा कंबरेपेक्षा उंच उचलला जात होता, आणि मांडीला रग लागत होती.

मग आम्ही शिवण उसवून दीड किलो कापूस बाहेर काढला. उरला दोन किलो. उशी बरोबर झाली की नाही ते ओळखायची खूण सोपी आहे. बाईला कुशीवर निजवावे, उशी दोन्ही गुडघ्यांत आणि घोट्यांतही धरायला सांगावी, आणि पायथ्याशी उभे राहून पाहावे. वरचा गुडघा, वरचा घोटा आणि कंबर एका पातळीत दिसली पाहिजेत. गुडघा खाली कलला तर कापूस कमी, वर गेला तर जास्त. उशी गुडघ्यांपुरतीच आखूड केली तर घोटा लोंबतो आणि पुन्हा कंबर पिळवटते; पाच फूट लांबी त्यासाठीच. वरचे टोक छातीशी कवटाळायला येते, त्याने खांद्याचा भार उतरतो. पोटाखाली मात्र वेगळी वस्तू लागते. एक टॉवेल पाचरीसारखा दुमडून, जाड कड गादीकडे लोंबणाऱ्या पोटाखाली सारली की झाले. आणि दोन अभ्रे, नाडीचे, म्हणजे एक वाळत असताना दुसरा घालता येतो.

दुसऱ्या रात्री ती सलग पाच तास झोपली. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, तर आजींनी दार न उघडता खिडकीतून पातेले पुढे केले.

ह्यावर आक्षेप ऐकू येऊ लागलेच आहेत. "आमच्या वेळी बायका पाठीला पदर खोचून शेतात राबत, आणि बांधावर बाळंत होत." होत असत खऱ्या. त्यांतल्या किती बांधावरच राहिल्या, हेही त्याच दमात सांगावे. दुसरा आक्षेप, "लाड केले की बाळंतपण जड जाते." चालणे-फिरणे बंद केले तर अंग जड होते, हे मान्य. पण झोप म्हणजे आळस हे गणित कुणाचे? रात्री निजलेली बाईच दिवसा चालते. आणि तिसरा आक्षेप सर्वांत साळसूद: "बाळाच्या वस्तू उपयोगाच्या असतात, आईचे काय, दोन महिन्यांचा प्रश्न." दोन महिन्यांचाच प्रश्न आहे म्हणून तर तो आत्ता सोडवायचा! महिनाभराच्या बाळाला काय लागते? आईचे दूध, ऊब, आणि जुन्या धोतराची बाळुती. ह्यांतले पहिले ज्या शरीरातून यायचे, त्याला आपण चंद्रकोरीत टांगून ठेवतो.

परंपरेच्या नावाने टाळ्या पिटणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. फुलांची वाडी, नौका, झोपाळा, बर्फी की पेढा हे सगळे आईचे कौतुक म्हणून मांडलेले असते. मग ते तासाभरात आटपा, पायांखाली पाट द्या, आणि मध्येच तिला आडवे होऊ द्या. भवभूतीच्या नाटकात गर्भारशी सीता चित्रे पाहून दमते, तेव्हा राम तिच्या उशाला आपला बाहू देतो आणि ती झोपी जाते. पुढे त्याच रामाने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. तरीही त्या घटकेपुरते त्याला कळले होते, की दमलेल्या बाईला आधी उशी लागते.

उशीबरोबर पायांना तेल लावायची एक संध्याकाळ द्यावी, ती फुकट असते. घमेल्यात कोमट पाणी, कोपर बुडवून सोसेल एवढेच. मग खोबरेल तेलाचा हात घोट्याकडून गुडघ्याकडे, हलका. रात्री पोटरीत गोळा आला तर पायाची बोटे स्वतःकडे ओढायची, ताणून खाली करायची नाहीत. खाली केली की गोळा आणखी आवळतो. पण तेल लावणाऱ्या हाताला डोळेही हवेत. संध्याकाळी दोन्ही पाय सारखे सुजणे आणि पाय वर करून निजल्यावर उतरणे हे ह्या दिवसांत चालायचेच. एकच पाय सुजला, तांबडा आणि गरम लागला, पोटरी दुखली, तर तिथे चोळायचे नाही, रक्ताची गाठ असू शकते, सरळ डॉक्टर. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, बोटातली अंगठी अडकली, डोके फुटायला आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर ती सूज पायांची नव्हे, रक्तदाबाची. तिथे तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याच घटकेला रुग्णालय गाठायचे.

भाचीला ऑगस्टमध्ये मुलगी झाली. उशी आता दूध पाजताना मांडीवर येते. पाळण्यात मात्र ती कधी ठेवायची नाही, तान्ह्याचे नाक मऊ उशीत दडपते, असे मी दोनदा बजावून सांगितले आहे. परवा गेले तर पांगुळगाडा माळ्यावर चढला होता, आणि दुपारी आजेसासूबाई स्वतःच ती उशी पायांत घेऊन घोरत होत्या. भाची म्हणाली, "मावशी, आणखी एक शिवावी लागेल." लुगडे मी बरोबरच नेले होते.