क्षमा कशाची मागायची?

द्वितीय वर्ष, कला

शाळेत असताना आम्हां सर्वांना अर्जलेखन होते. ताप आल्यामुळे दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती! तो अर्ज मला आजही तोंडपाठ आहे. पण त्या अर्जाची एक सोय होती. त्यात रजा आधी मागायची असे. जी वेळ पाळायची होती ती निघून गेली, समोरचा माणूस आपली वाट पाहून उठून गेला, आणि आता सायंकाळी त्याला काही लिहायचे आहे, असे पत्र कोणी शिकवले नाही. गेल्या वर्षी ते मला लिहावे लागले. त्यावरून माझे जे मत बनले ते येथे मांडते आहे.

प्रथम वर्षाच्या उन्हाळी सुटीत एका सामाजिक संस्थेच्या पाहणीसाठी मी अर्ज केला होता. गावोगावी फिरून प्रश्नावल्या भरण्याचे दोन महिन्यांचे काम, आणि त्याचे मानधन. द्वितीय वर्षाची फी आणि पासाचे पैसे त्यातून निघाले असते. माझा अर्ज निवडला गेला आणि ई-मेलने कळले की मंगळवार, १३ मे २०२५ रोजी सकाळी ११ वाजता फोनवर मुलाखत होईल. आमच्या घरात मुलाखत हा शब्द प्रथमच आला होता. वडिलांनी आदल्या दिवशीच मला सांगून ठेवले होते, “उद्या तू कुठल्याच कामाला हात लावू नकोस.”

त्या दिवशी सकाळी पावणेनऊला आई पावसाळ्याआधी सरपण आत घ्यायला गेली आणि ढिगात हात घालताच तिला साप चावला. कोणता, ते कोणी पाहिले नाही. शेजारच्या तात्यांच्या जीपमध्ये तिला घालून आम्ही ग्रामीण रुग्णालयात पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. तेथे तिचे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त गोठलेले नव्हते, पाण्यासारखे वाहत होते. म्हणजे विष रक्तात भिनले होते. लगेच सलाईनमधून सर्पविषावरचे औषध सुरू झाले. अकरा केव्हा वाजले ते मला कळले नाही. माझा फोन घरी चार्जरला लावलेला राहिला होता.

येथपर्यंत माझी चूक काही नाही, असे मला आजही वाटते. चूक पुढे झाली. दुपारी एकच्या सुमारास डॉक्टर म्हणाले की औषध लागू पडते आहे, पण दोनतीन दिवस येथेच राहावे लागेल. त्या वेळी माझा चुलतभाऊ शेजारी बसला होता आणि त्याच्याजवळ चांगला फोन होता. माझ्या ई-मेलचा पासवर्ड मला पाठ होता. दोन ओळी लिहिणे शक्य होते, पण मी त्या लिहिल्या नाहीत. आता काय उपयोग, त्यांनी नाव खोडलेही असेल, आणि कोणत्या तोंडाने सांगायचे, असे म्हणत मी साडेतीन तास बसून राहिले. आपल्यासारख्या घरांतून आलेल्या मुलामुलींना हे तास चांगले ओळखीचे असतील. मोठ्या माणसांचा वेळ आपण वाया घालवला, या विचाराने आपली वाचाच बसते. समोरच्याला मात्र आपली लाज दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त आपली बेफिकिरी.

साडेचारला घरी आले तेव्हा फोनवर दोन हुकलेले कॉल होते. एक अकराचा, दुसरा अकरा वाजून पाच मिनिटांचा. त्या क्रमांकावर एकदा फोन केला, तो वाजत राहिला. मग मी पत्र लिहायला बसले. ते पाऊण पानाचे झाले. सुरुवात अशी होती : ‘मी एका गरीब शेतकरी कुटुंबातील मुलगी असून माझे आईवडील निरक्षर आहेत.’ पुढे जीप, रस्ता, आईची अवस्था, माझे रडणे, आणि शेवटी ‘कृपया माझे भवितव्य उद्ध्वस्त करू नये’. ते मी आमच्या मराठीच्या सरांना वाचायला पाठवले. सरांनी फोन करून प्रथम आईची चौकशी केली. मग म्हणाले, “अगं, हे पत्र आहे की आत्मचरित्र? त्या बाईंना तीनच गोष्टी हव्यात. का आली नाहीस, पुन्हा केव्हा येशील, आणि त्या वेळी नक्की येशील कशावरून.”

मी पुन्हा लिहिले आणि साडेपाचला पाठवले. संस्थेचे पत्र मराठीत होते म्हणून माझेही मराठीत होते. ते असे :

‘विषय : १३ मे, सकाळी ११ ची मुलाखत हुकल्याबद्दल. (येथे माझे नाव व अर्ज क्रमांक.)

महोदया, आज सकाळी ११ वाजता ठरलेल्या मुलाखतीचा आपला फोन मला घेता आला नाही. आपला वेळ गेला याबद्दल मी क्षमा मागते. सकाळी पावणेनऊ वाजता माझ्या आईला सर्पदंश झाल्यामुळे तिला ग्रामीण रुग्णालयात न्यावे लागले व त्या घाईत माझा फोन घरी राहिला. दुपारी एकनंतर मला आपणांस कळवता आले असते. ते मी आता कळवीत आहे, ही माझी चूक आहे. मुलाखत पुन्हा घेणे शक्य असल्यास गुरुवार, १५ मे रोजी दुपारी २ ते ५ किंवा शुक्रवार, १६ मे रोजी सकाळी १० ते १ या वेळेत मी याच क्रमांकावर फोनजवळ असेन. आवश्यक वाटल्यास रुग्णालयाचा कागद दाखवीन. शक्य नसल्यास आपला निर्णय मला मान्य आहे.’

या पत्रातील एका वाक्यावर सरांचे व माझे एकमत झाले नाही. दुपारी एकनंतर कळवता आले असते, हे स्वतःहून कशाला लिहायचे, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र ते पत्रातले सर्वांत आवश्यक वाक्य वाटते. पावणेनऊला घटना झाली आणि साडेपाचला पत्र आले, हे वाचणाऱ्याला दिसतेच. मधल्या पावणेनऊ तासांचा प्रश्न त्याच्या मनात येणारच. आपण गप्प राहिलो तर त्याचे उत्तर तो स्वतः तयार करतो, आणि ते आपल्या बाजूचे असेलच असे नाही.

येथेच माझा मुख्य मुद्दा येतो. अशा पत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात, एक खुलासा आणि दुसरी क्षमा. आपण त्यांची खिचडी करतो. खुलासा म्हणजे काय घडले ते सांगणे. आईला दवाखान्यात नेले, याची क्षमा मी का मागावी? तशीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करीन. त्याचा खुलासा एका वाक्यात पुरतो, कारण तो खरा असतो. क्षमा मागायची ती समोरच्याचा वेळ गेला याची, आणि जे आपल्या हातात असून केले नाही त्याची. या दोहोंत गल्लत झाली की पत्र लांबते. मग आपण गरिबी पुढे करतो, रडणे पुढे करतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की ही मुलगी दया मागते आहे. मी मागत होते ती दुसरी वेळ. दया मागितल्याने एखादे वेळी कोणी द्रवेलही, पण ज्याला काम द्यायचे आहे त्याला द्रवण्यापेक्षा भरवसा हवा असतो.

भरवसा कशाने येतो, हेही मला लिहितानाच कळले. प्रथम मी ‘आपण म्हणाल तेव्हा मी तयार आहे’ असे लिहिले होते. ते वाक्य नम्र दिसते, परंतु खोटे होते. रुग्णालयातल्या त्या खोलीत फोनला रेंज नव्हती आणि बुधवारी आईजवळ मलाच राहायचे होते. त्या दिवशी फोन आला असता तर मी दुसऱ्यांदा हुकले असते, आणि दुसऱ्या वेळेला कोणताही खुलासा चालत नाही. म्हणून मावशी येणार होती ते दिवस पाहून मी तारीख, वार आणि वेळ लिहिली. रुग्णालयाचा कागदही मुद्दाम जोडला नाही, फक्त दाखवीन म्हटले. आईच्या सुजलेल्या हाताचा फोटो भावाने काढला होता. तो पाठव, असे त्याचे म्हणणे. आईचे दुखणे माझ्या अर्जाला टाचून पाठवणे मला बरे वाटले नाही. कोणी मागितला असता तर कागद होता, तेवढे पुरे होते.

आणखी एक लहान गोष्ट, पण उपयोगाची. हे पत्र मी नवे म्हणून धाडले नाही. संस्थेच्या वेळ कळवणाऱ्या ई-मेललाच उत्तर म्हणून धाडले. त्यामुळे मी कोण, कोणत्या कामासाठी, कोणती वेळ, हे सारे त्यांना एका जागी सापडले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले, दोनच ओळींचे. आईच्या प्रकृतीची चौकशी आणि शुक्रवारी सकाळी साडेदहाची वेळ. मुलाखत संपल्यावर त्या बाईंनीच सांगितले की त्या दिवशी एका मागोमाग एक फोन होते. कोणी उचलला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा एकदा करायचा, नावापुढे ‘उत्तर नाही’ असे लिहायचे, आणि पुढे जायचे. यादी शुक्रवारी सायंकाळी बंद होणार होती. माझ्याखेरीज आणखी तिघांच्या नावांपुढे तसा शेरा होता, आणि त्यांच्यापैकी कोणीही काही कळवले नव्हते. त्या तिघांच्या घरी त्या दिवशी काय घडले असेल, कोण जाणे. कदाचित माझ्याहून मोठे काही घडले असेल. यादीत मात्र ‘उत्तर नाही’ एवढेच राहिले.

मला ते काम मिळाले नाही. पाहणीची माहिती संगणकावर तक्त्यात कशी भरायची, हे त्यांनी विचारले आणि ते मला आले नाही. याचे वाईट वाटले, तरी ते माझ्या न येण्याचे वाईट वाटणे आहे. न विचारले गेल्याचे नव्हे. तक्ते भरायला मी दिवाळीच्या सुटीत शिकले.

माझ्या वर्गमित्रमैत्रिणींना म्हणूनच सांगावेसे वाटते, संकट कोणावरही येईल आणि वेळ हुकेल. त्यानंतर ‘आता काय उपयोग’ असे मनात आले तर ते समोरच्याचे मत समजू नका. ते आपलेच असते. आणि गुरुजनांना एक विनंती. रजेचा अर्ज आम्ही पुष्कळ वेळा लिहिला. हुकलेल्या वेळेचे पत्रही एकदा वर्गात लिहून घ्यावे.

आई आता बरी आहे. सरपणात हात घालण्याआधी ती काठीने ढीग हलवते, आणि मी कोठेही निघाले की विचारते, “फोन घेतलास का गं?”