कूपमंडूक कोण?

मराठी समीक्षेत आणि वर्गखोल्यांत ‘विहिरीतला बेडूक’ हा वाक्प्रचार आजकाल इतक्या सैलपणे फेकला जातो की, तो ज्याच्यावर फेकला त्याच्याविषयी काहीच कळत नाही. फेकणाऱ्याविषयी मात्र बरेच कळते. बोलीत लिहिणारा कवी कूपमंडूक, तालुक्याच्या गावी राहून अभ्यास करणारा संशोधक कूपमंडूक, इंग्रजी न वाचणारा तर कूपमंडूकच. थोडक्यात, जो जागा सोडत नाही तो बेडूक, असा नवा अर्थ रूढ होऊ पाहतो आहे. हा अर्थ चुकीचा आहे आणि निरुपद्रवीही नाही, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. पाणिनीच्या समासप्रकरणात निंदेच्या अर्थी होणाऱ्या सप्तमी तत्पुरुषाची सूत्रे आहेत. त्यांपैकी ‘पात्रेसमितादयश्च’ या सूत्राशी जोडलेल्या गणात आपला कूपमंडूक बसलेला आहे. गणपाठातील याद्यांत काळाच्या ओघात भर पडत गेली हे खरे. तरी या शब्दाचे शेजारी पाहण्यासारखे आहेत. ‘पात्रेसमित’ म्हणजे ताट मांडले की जमणारे, ‘गेहेशूर’ म्हणजे घरातल्या घरात शूर, ‘गेहेनर्दी’ म्हणजे घरात बसून गर्जना करणारा. कूपमंडूकाबरोबर विहिरीतले कासव आहे, उंबरातला किडा आहे, आणि त्याच यादीत ‘नगरकाक’, म्हणजे शहरातला कावळाही आहे.

या मंडळींना एकत्र बांधणारा धागा कोणता? केवळ जागा नव्हे. घरात राहणे हा दोष असता, तर ‘गेहेशूर’ या शब्दात ‘शूर’ हे पद कशाला हवे होते? दोष आहे तो जागेच्या आधारावर केलेल्या दाव्यात. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो असे आपण म्हणतो, तेव्हा हसू येते ते त्याच्या वाघपणाचे. त्याने दुसऱ्या गल्लीत राहायला जावे, अशी कोणाची अपेक्षा नसते. आणि नगरकाकाचे काय करायचे? ज्या यादीने विहिरीतल्या बेडकाला हिणवले, तिनेच शहरातल्या कावळ्यालाही हिणवले. आमच्या शहरी समीक्षकांनी या यादीतला एक शब्द तेवढा उचलला आणि स्वतःला लागू पडू शकणारा दुसरा सोयीस्करपणे तिथेच ठेवला.

आता गोष्टीकडे वळू. स्वामी विवेकानंदांनी ती १५ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत सांगितली. समुद्रातला बेडूक विहिरीत येऊन पडतो. विहिरीतला बेडूक त्याला विचारतो, तुझा समुद्र केवढा? आणि या काठावरून त्या काठावर उडी मारून पुन्हा विचारतो, एवढा? पाहुणा म्हणतो, अशी तुलनाच होऊ शकत नाही. शेवटी यजमानाचा निकाल ठरतो: माझ्या विहिरीहून मोठे काही असूच शकत नाही; हा लबाड आहे, याला बाहेर काढा.

या कथेतील पायऱ्या नीट पाहाव्यात. विहिरीत जन्मणे हा बेडकाचा अपराध नाही. समुद्र माहीत नसणे हाही नाही. उलट तो विचारतो, ही त्याची जमेची बाजू. उडी हे त्याच्यापाशी असलेले एकमेव माप. ते वापरून पाहणेही क्षम्य. अपराध घडतो तो अगदी शेवटी. आपले माप अपुरे पडते आहे असे दिसल्यावर तो मापाविषयी शंका घेत नाही, साक्षीदारालाच खोटे ठरवतो. विवेकानंदांनी यातून काढलेला निष्कर्षही आज विसरला गेला आहे. हिंदू आपल्या विहिरीत, ख्रिस्ती आपल्या, मुसलमान आपल्या, अशी मांडणी त्यांनी केली. त्यात स्वतःला त्यांनी पहिल्या विहिरीत बसवले. विहिरीबाहेर उभा असलेला कोणी निवाडा करणारा त्या भाषणात नाही.

या कसोटीवर एक प्रसंग तपासून पाहू. एका विद्यार्थिनीने आपल्या तालुक्यातील दोन गावांत गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंधिका लिहिली. निष्कर्ष या दोन गावांपुरते आहेत, हे तिने पहिल्याच प्रकरणात नोंदवले होते. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तिला सुनावले की, असले विषय घेऊन तुम्ही कूपमंडूकच राहणार. ओव्यांत सासर, माहेर आणि भाऊ यांपलीकडे असते काय? आता यात बेडूक कोण? जिने आपल्या विहिरीचा घेर मोजून सांगितला ती, की ज्यांनी दुसऱ्याच्या विहिरीत न डोकावता तिचा तळ सांगितला ते? हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. त्यांत सासर-माहेर आहेच, शिवाय बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. सीतेच्या वनवासाचा प्रश्न विचारणाऱ्या बाया आहेत. तज्ज्ञांनी जी उडी मारून ‘एवढाच ना?’ असे विचारले, ती उडी विहिरीतलीच होती. फक्त ती विहीर विद्यापीठाच्या आवारात होती.

यावर उत्तर ठरलेले असते: बाहेर पडल्याखेरीज दृष्टी येत नाही. प्रवासाने, परभाषेने माणूस शहाणा होऊ शकतो, हे आम्हाला मान्य आहे. आमचाही उदरनिर्वाह इतरांची पुस्तके वाचण्यावर चालतो. पण बाहेर पडणे म्हणजेच शहाणपण, हे पंचतंत्राला तरी मान्य नाही. त्याच्या चौथ्या तंत्रात विहिरीतला गंगदत्त नावाचा बेडकांचा राजा भाऊबंदांच्या त्रासाला कंटाळून रहाटाच्या आधाराने वर येतो. म्हणजे तो बाहेर पडलेला बेडूक आहे. बाहेर येऊन तो काय करतो? प्रियदर्शन नावाच्या सापाला आपल्या विहिरीत घेऊन जातो आणि कोणते भाऊबंद खायचे ते दाखवतो. शत्रू संपल्यावर साप आप्तांकडे वळतो, गंगदत्ताचा मुलगाही जातो, आणि आणखी बेडूक आणून देतो अशी थाप मारून राजा कसाबसा निसटतो. मराठीतल्या प्रस्थापित मंडळींना नमवण्यासाठी बाहेरून एखादा सिद्धान्त आणावा आणि पुढे त्याने आपल्याच साहित्याची चव घेण्याची शक्ती खाऊन टाकावी, असे गेल्या काही दशकांत आपल्याकडे घडलेले नाही काय? गंगदत्त कूपमंडूक नव्हता खरा; पण त्याला आदर्श कोण म्हणेल?

अर्थात याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपली विहीर हीच गंगा असे म्हणत, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला परकीय ठरवणारा अभिमानी मराठी वाचक आम्हाला ठाऊक आहे. त्याला हा शब्द चपखल बसतो, आणि तो त्याला जरूर लावावा. मात्र तो तिथे राहतो म्हणून नव्हे, न वाचताच निकाल देतो म्हणून.

तेव्हा आमची मागणी एवढीच आहे. कोणाला कूपमंडूक म्हणण्यापूर्वी त्याने न पाहिलेल्या कोणत्या गोष्टीविषयी कोणता निवाडा दिला, ते दाखवावे. तसा निवाडा दाखवता आला, तर शब्द योग्य आहे. मग तो माणूस खेड्यात असो वा परदेशातील विद्यापीठात. दाखवता आला नाही, तर आपण त्याचा केवळ पत्ता सांगितला, टीका केली नाही, एवढे मान्य करावे.